कुलूप कोणतं, ते दाराची कड सांगते

कुलूप बिघडलं की हार्डवेअरच्या दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर एक फोटो जातो, आणि तो बहुतेक वेळा हँडलचा असतो. पितळी झळाळीचं, स्टीलचं, लांब पट्टीचं किंवा गोल मुठीचं. पाठवणाऱ्याला वाटतं की सगळं दिसतंय. दुकानदाराला मात्र त्यातून फारसं काही कळत नाही, कारण एकाच धाटणीचं हँडल दोन वेगळ्या जातींच्या कुलपांवर बसू शकतं. म्हणून त्याचं उत्तर ठरलेलं असतं: दार उघडा आणि कडेचा फोटो पाठवा.

कड म्हणजे दार बंद झाल्यावर चौकटीला टेकणारी, फळीच्या जाडीची अरुंद बाजू. फ्लॅटच्या नेहमीच्या फ्लश दाराची ही जाडी साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असते. कुलूप बसवताना सुताराने लाकूड कुठे आणि किती कापलं, हे या तीन-साडेतीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात उघड दिसतं. मॉर्टिस, रिम आणि सिलिंड्रिकल हे तिन्ही प्रकार वेगळे ठरतात तेच मुळी लाकूड कापण्याच्या पद्धतीवरून.

मॉर्टिस कुलपाचं यंत्र एका चपट्या लोखंडी पेटीत असतं. ती पेटी कडेतून आत सरकवावी लागते. त्यासाठी सुतार कडेला आधी ओळीने भोकं पाडतो, मग पटाशीने मधलं लाकूड काढून खोल, उभी खोबण करतो. पेटी आत गेली की तिच्या तोंडावरची उभी पट्टी कडेवर बसते आणि वर-खाली एकेका स्क्रूने आवळली जाते. फोटोत नेमकी हीच पट्टी पाहायची. मुख्य दाराच्या कुलपात ती वीस सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि दोन-अडीच सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे रुंदीच्या आठ-दहा पट उंच. तिच्यातून बहुधा दोन गोष्टी बाहेर येतात. वरची तिरकी कापलेली जीभ स्प्रिंगवर चालते आणि हँडल दाबलं की आत जाते. खालचा चौकोनी बोल्ट किल्ली फिरवल्याशिवाय हलत नाही. एकाच लांब पट्टीतून जीभ आणि बोल्ट दोन्ही निघत असतील, तर ते मॉर्टिसच. नुसता चौकोनी बोल्ट असलेलं मॉर्टिसही मिळतं. तिथे जीभ नसते, पण पट्टी आणि तिच्यामागची पेटी तशीच असते.

रिम कुलपाच्या फोटोत लोक गोंधळतात, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. कड सपाट असते, फार तर रंगाचे ओघळ. ‘फोटो चुकला वाटतं,’ असं म्हणून ते पुन्हा काढून पाठवतात. पण हे कोरेपण हाच पुरावा आहे. रिम कुलूप दाराच्या आतल्या अंगावर, लाकडाच्या वर स्क्रूने बसवलेलं असतं. फळीला आरपार एकच गोल भोक असतं. बाहेरून त्यात किल्लीचं सिलिंडर बसतं, त्यामुळे बाहेरच्या बाजूला फक्त एक धातूची कडी आणि मधोमध किल्लीचं छिद्र दिसतं. मुंबई-पुण्याच्या घरांत ज्याला सरसकट नाइट लॅच म्हणतात, तो याच जातीचा. त्याची जीभ किंवा बोल्ट कडेतून निघत नाहीत. आतल्या पेटीतून निघून ते कडेच्या पुढे जातात आणि चौकटीवर बसवलेल्या डबीत शिरतात.

काही रिम कुलपांच्या पेटीला एक ओठ असतो. तो काटकोनात वळून कडेवर येतो आणि तिथे त्याला दोन स्क्रू असतात. अशा फोटोत कडेवर पट्टी दिसते आणि ती मॉर्टिसची समजली जाते. फरक ओळखायला पट्टीचा आतल्या बाजूचा काठ बघावा. मॉर्टिसची पट्टी कडेवरच संपते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाची रेघ उरते. रिमचा ओठ कोपऱ्यावरून वळून थेट आतल्या पेटीत मिसळतो, सगळा एकच पत्रा. म्हणून फोटो अगदी समोरून न काढता थोडा तिरका काढावा, म्हणजे कड आणि आतली बाजू दोन्ही दिसतात. शंका उरलीच तर चौकटीचा फोटो निकाल लावतो. चौकटीच्या वर उठून बसलेली डबी असेल तर रिम, आणि चौकटीत कापून सपाट बसवलेली, भोकं असलेली पट्टी असेल तर उरलेल्या दोनांपैकी एक.

सिलिंड्रिकल कुलपाची कल्पना अमेरिकेतली. सॅन फ्रान्सिस्कोतले वॉल्टर श्लेज यांनी १९२०च्या दशकात तिला बाजारात रूप दिलं. खोबण कोरण्याचं वेळखाऊ काम टाळून दोन गोल भोकांत कुलूप बसवायचं, ही तिची खुबी. एक मोठं भोक, साधारण ५४ मिलिमीटर व्यासाचं, दाराच्या अंगातून आरपार जातं. दुसरं, सुमारे २५ मिलिमीटरचं, कडेतून येऊन त्याला मिळतं. मोठ्या भोकात मुठीचं यंत्र आणि लहान भोकात जिभेची नळी. त्यामुळे कडेवर एक बुटकी पट्टी पुरते, साधारण ५७ मिलिमीटर उंच आणि २५ रुंद. तिच्या मधोमध एकच तिरकी जीभ आणि वर-खाली एकेक स्क्रू. किल्लीच्या कुलपात जिभेला लागून बहुधा एक बारीक दांडीही दिसते. दार बंद असताना चौकटीची पट्टी ही दांडी दाबून ठेवते, आणि त्यामुळे फटीतून कार्ड घालून जीभ मागे ढकलता येत नाही. किल्लीचं छिद्र थेट मुठीतच असेल तर प्रकार जवळजवळ नक्की होतो. काही दारांवर पट्टीही नसते, जीभ फक्त एका गोल कड्यातून निघते. तीही याच घराण्यातली.

कडेवर अशा दोन बुटक्या पट्ट्या वीतभर अंतरावर दिसल्या, खालीत तिरकी जीभ आणि वरच्यात चौकोनी बोल्ट, तर ती दोन स्वतंत्र कुलपं असतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे चित्र ओळखीचं असेल, कारण तिथल्या घरांच्या मुख्य दाराला सहसा अशीच जोडी असते. बदलायचं काय हे विचारताना दोन्ही पट्ट्यांचे फोटो द्यावेत.

खरा घोळ बाथरूमच्या दारात होतो. तिथल्या छोट्या मॉर्टिस कुलपाची पट्टीही बुटकी असते आणि त्यालाही गोल मूठ असू शकते. अशा वेळी फोटोत रुंदी आणि उंचीचं प्रमाण पाहावं. सिलिंड्रिकलची पट्टी रुंदीच्या दुप्पट किंवा किंचित जास्त उंच असते. मॉर्टिसची पट्टी अरुंद असते, म्हणून तेवढ्याच उंचीतही ती निमुळती दिसते. तरीही नक्की होत नसेल तर मुठी उतरवून पट्टीचे दोन स्क्रू काढावेत. चपटी पेटी बाहेर आली तर मॉर्टिस, गोल नळी आली तर सिलिंड्रिकल. हा अंदाज फोटोवर सोडण्यापेक्षा स्क्रू काढून पाहण्याची पाच मिनिटं घालवलेली बरी, कारण चुकीचं कुलूप घरी आलं तर दाराला नवं भोक पाडावं लागतं. चौपन्न मिलिमीटरचं भोक एकदा पडलं की ते नीट बुजवणं अवघड.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूने एक किल्ली परत दिलेली नाही आणि मालकाला कुलूप बदलायचं आहे. फोटोत कडेवर लांब उभी पट्टी आहे. टोकांना दोन स्क्रू, वरच्या भागात तिरकी जीभ, तिच्याखाली बोल्टची चौकोनी खिडकी. म्हणजे मॉर्टिस. पण नजर आणखी खाली नेली की बोल्टच्या जरा खाली तिसरा, एकटा स्क्रू दिसतो. पट्टी धरून ठेवायला त्याची गरज नाही, तिचे दोन स्क्रू टोकांना आहेतच. हा लांब स्क्रू आडवा आत जाऊन किल्लीचं सिलिंडर धरून ठेवतो. तो दिसला की मालकाचा बराच खर्च वाचतो. पेटी, हँडल, पट्टी काहीही हलवायचं नाही, फक्त सिलिंडर बदलायचं.

दार उघडं ठेवून तो स्क्रू पूर्ण काढायचा. मग किल्ली घालून किंचित फिरवायची, म्हणजे सिलिंडरच्या पोटातला बाहेर आलेला दात अंगाच्या रेषेत येतो, आणि किल्ली धरूनच सिलिंडर ओढायचं. किल्ली सरळ ठेवून ओढलं तर तो दात अडतो आणि माणूस समजतो की सिलिंडर गंजलंय. बाहेर आल्यावर त्याच्या खालच्या अंगाला स्क्रूचं भोक दिसतं. त्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं माप घ्यायचं. ३५ आणि ३५ आलं तर सत्तरचं सिलिंडर. पण ३० आणि ४० आलं तरी बेरीज सत्तरच होते, आणि ते सिलिंडर या दाराला चालत नाही. एका बाजूने ते आत बुडतं आणि दुसरीकडून बाहेर डोकावतं. बाहेरच्या बाजूला ते हँडलच्या पट्टीच्या दोन-तीन मिलिमीटरपेक्षा पुढे आलेलं नसावं, नाहीतर चोराला ते पकडीत धरून मोडता येतं.

तोच मालक डिजिटल कुलूप बसवायचं म्हणाला तर याच फोटोपासून सुरुवात होते, पण फोटो तिथे पुरा पडत नाही. मुख्य दाराच्या बऱ्याच डिजिटल कुलपांच्या पोटात मॉर्टिसचीच पेटी असते. ती जुन्या खोबणीत बसेल का, हे पेटीच्या खोलीवर ठरतं, आणि खोली कडेवरून दिसत नाही. त्यासाठी कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर आणि हँडलच्या मध्यापासून किल्लीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर मोजून फोटोसोबत लिहून द्यावं लागतं. फळीची जाडीही द्यावी, कारण त्यावर स्क्रूंची लांबी ठरते.

फोटो काढतानाच्या दोन गोष्टी राहिल्या. दार उघडं असतानाच किल्ली फिरवून बोल्ट बाहेर काढावा. आत गेलेला बोल्ट फोटोत नुसता चौकोनी डाग दिसतो आणि रंगाच्या थराखाली तोही हरवतो. दुसरं म्हणजे कडेला मोजपट्टी उभी लावून मगच फोटो काढावा, आणि बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने टाकावा. जुन्या दारांवर कधी मॉर्टिसची रिकामी पट्टी तशीच ठोकलेली असते आणि चालू कुलूप मात्र आतल्या बाजूचं रिम असतं. बाजूच्या उजेडात जिभेच्या खिडकीतला पोकळ अंधार दिसतो, आणि त्या दाराचे हँडल दाबून पाहिलं की पट्टीतून काहीच हलत नाही.