चमकी, साबण आणि दहा ओळींचं गाणं

बालवाडीतल्या पाच वर्षांच्या मुलाला विचारलं, की हात का धुवायचे, तर तो ताबडतोब सांगतो, "जंतू जातात म्हणून." उत्तर बरोबर असतं. मग तेच मूल नळाखाली बोटांची टोकं भिजवतं, चड्डीला हात पुसतं आणि खाऊचा डबा उघडतं. त्याचा आळशीपणा वगैरे काही नसतो. जे दिसत नाही ते गेलं की राहिलं, हे त्याला कळणार कसं? हात धुण्याच्या पाठात चमकी वापरतात ती यासाठीच. पण चमकी कशी वापरायची आणि गाणं नेमकं कधी शिकवायचं, यावर पाठाचा उपयोग अवलंबून असतो.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हा पाठ चार बैठकांत होतो. एकेका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

पहिली बैठक : विरजणाची वाटी

सुरुवात रोगापासून करू नये. जंतू म्हणजे शिंगं असलेले, दात विचकणारे राक्षस अशी चित्रं दाखवली की काही मुलं घाबरतात. मातीत हात घालायला, मित्राचा हात धरायलाही नको म्हणतात. त्याऐवजी दोन वाट्यांत कोमट दूध घ्यावं. एकीत चमचाभर दही घालून ढवळावं, दुसरीत काहीच घालू नये. दुसऱ्या दिवशी विरजण घातलेल्या वाटीत घट्ट दही दिसतं. दुसऱ्या वाटीतलं दूध फार तर नासलेलं असतं, त्याचं तसं दही होत नाही. चमचाभर दह्यातून काय आलं? डोळ्यांना न दिसणारे, पण जिवंत आणि वाढणारे जीव. ते आपल्या उपयोगाचे आहेत. तसेच दुसरे काही जीव पोटात गेले की जुलाब होतात, नाकात गेले की सर्दी होते. एवढं मुलांना पुरतं. दुसरी वाटी चाखायला मात्र देऊ नये.

दुसरी बैठक : चमकीचा प्रवास

बाजारात हस्तकलेसाठी मिळणारी चमकी बहुधा प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची असते. तिच्या कडा धारदार असतात आणि कण डोळ्यात गेला तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो. म्हणून चेहऱ्याला लावायच्या प्रसाधनांतली बारीक चमकी घ्यावी, तीही चिमूटभरच. हाताला जखम किंवा खरूज असलेल्या मुलाला निरीक्षकाचं काम द्यावं.

ताईंनी स्वतःच्या तळव्यावर खोबरेल तेलाचे तीन-चार थेंब चोळावेत आणि त्यावर चमकी टाकावी. तेल लागतंच, कारण कोरड्या हातावरची चमकी झटकली की पडते आणि मुलांना वाटतं, हात झटकले की काम झालं. मग मुलांना काही न सांगता एकीशी हात मिळवावा. तिने पुढच्याशी, त्याने त्याच्या पुढच्याशी. मधे एखादा चेंडू फिरवावा, दाराची कडी उघडायला सांगावी. थोड्या वेळाने खोली जरा अंधारी करून ताईंनी विजेरी फिरवली की चमकी बोलू लागते. पहिल्या हातावर भरपूर, चौथ्यावर थोडी, चेंडूवर ठिपके, कडीवर ठिपके आणि एखाद्याच्या नाकाच्या शेंड्यावरही एक.

नाकावरचा तो कण या बैठकीतला सर्वांत मोलाचा. तिथे कुणी चमकी लावली नव्हती. हातच ती घेऊन गेला आणि ज्याचा हात त्यालाच ते कळलं नाही. या बैठकीत ताईंनी डोळे चोळू नका म्हणून लक्ष ठेवावं आणि पाहून झाल्याबरोबर सर्वांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत.

तिसरी बैठक : तीन गट

आता खरा प्रयोग. मुलांचे तीन गट करावेत. प्रत्येकाच्या हाताला तेलाचे दोन थेंब आणि सारखीच चमकी. पहिल्या गटाने हात कोरड्या फडक्याला पुसायचे. दुसऱ्याने नुसत्या पाण्याने धुवायचे. तिसऱ्याने साबण लावून. काय होईल, हे आधी मुलांना विचारावं आणि त्यांची उत्तरं फळ्यावर लिहून ठेवावीत. अंदाज बांधला की पाहणं नेमकं होतं.

फडक्याने चमकी निघण्यापेक्षा पसरतेच जास्त, बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसते. नुसत्या पाण्याचे थेंब तेलावरून घरंगळतात, थोडी चमकी जाते, बरीच राहते. साबणवाल्यांचे हात सर्वांत स्वच्छ निघतात. कारण तेलकट कढईच्या बाबतीत घरात रोज दिसतं तेच. साबणाच्या प्रत्येक रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. चोळलं की तेलाचे बारीक गोळे होतात, साबण त्यांना वेढतो आणि त्यात अडकलेलं सगळं पाण्याबरोबर निघून जातं. आपल्या त्वचेवर तेलाचा पातळ थर असतोच, जंतू त्यात चिकटून राहतात. काही विषाणूंवर स्वतःचंच मेदाचं आवरण असतं. साबण ते फोडतो. बाकीचे जंतू मुख्यतः वाहून जातात, म्हणून चोळणं आणि पाणी दोन्ही हवं.

त्यासाठी "जंतुनाशक" साबण लागत नाही. कराचीच्या वस्त्यांत 2002-03 मध्ये झालेला एक मोठा अभ्यास 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. साबण दिलेल्या आणि हात धुण्याची सवय लावलेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण निम्म्यावर आलं, जुलाबही जवळपास निम्मे झाले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांच्या परिणामात फरक दिसला नाही.

या बैठकीत दोन चुका हमखास होतात. पहिली, चमकीऐवजी हळद वापरणं. स्वस्त आणि घरचीच म्हणून सुचते, पण हळदीचा रंग कातडीवर बसतो. शिवाय साबण अल्कधर्मी असल्यामुळे ती लागताच लालसर होते. मूल घासघास घासतं, हात पिवळेच राहतात आणि साबणाचा उपयोग नाही असा नेमका उलटा धडा शिकतं. दुसरी चूक, सर्वांनी एकाच घमेल्यात हात बुडवणं. तेलासकट चमकी पाण्यावर तरंगते आणि पुढच्याच्या हाताला चिकटते. ही चूक झालीच तर मुलांना जरूर दाखवावी, कारण पंगतीआधी एकाच भांड्यात हात बुडवण्याची पद्धत अजून दिसते. नळ नसेल तर एकाने मगातून धार धरायची, दुसऱ्याने हात धुवायचे.

आणि शेवटचं काम ताईंचं. चमकी प्लास्टिकची असेल तर ती गटारातून नदीत जाते आणि कुजत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंधनं आणली ती यामुळेच. धुण्याआधी हात जुन्या वर्तमानपत्राला पुसावेत, धुतलेलं पाणी दाट फडक्यातून गाळावं आणि ते फडकं कचऱ्यात टाकावं.

चौथी बैठक : हाताचा नकाशा आणि गाणं

साबणवाल्या गटाच्या हातांवरही थोडी चमकी उरतेच. तिथेच या पाठाचा गाभा आहे. प्रत्येक मुलाने कागदावर स्वतःच्या हाताची बाह्यरेषा काढायची आणि चमकी उरली तिथे खडूने ठिपके द्यायचे. सगळे कागद भिंतीवर लावले की ठिपके त्याच त्या जागी दिसतात : अंगठा, नखांच्या कडा, बोटांची बेचकी. इंग्लंडमधल्या परिचारिकांच्या हात धुण्याची 1978 मध्ये तपासणी झाली, तेव्हाही अंगठे, बोटांची टोकं आणि बेचकी याच जागा सुटलेल्या आढळल्या होत्या. कारण सोपं आहे. आपण तळव्यावर तळवा चोळतो तेव्हा अंगठा बाजूला उभा राहतो, त्याला काहीच लागत नाही.

गाणं आत्ता शिकवायचं, आधी नाही. आधी शिकवलं तर ते पाठ होतं आणि हात आपल्या जुन्याच वाटेने फिरत राहतात. नकाशा पाहिल्यानंतर मात्र गाण्यातली प्रत्येक ओळ मुलाने स्वतः काढलेल्या ठिपक्यावर बोट ठेवते.

तळव्यावर तळवा, गोल गोल गोल,
साबणाचा फेस करतो कसा डोल!
हाताच्या पाठीवर सर सर सर,
आता दुसऱ्या हाताची पाठ धर.
बोटांच्या बेचक्यात बोटं गेली,
लपलेली चमकी बाहेर आली.
अंगठेबुवा, लपता कुठे?
मुठीत धरून फिरवू इथे!
नखांनी तळवा खाजवू जरा,
मनगट घासून खेळ पुरा!

सावकाश म्हटलं तर गाण्याला वीसेक सेकंद लागतात आणि साबणाने चोळायला किमान तेवढा वेळ हवा. जागतिक आरोग्य संघटना हात ओले करण्यापासून कोरडे करण्यापर्यंत 40 ते 60 सेकंद सांगते. म्हणून क्रम असा : हात ओले करायचे, साबण लावायचा, नळ बंद, मग गाणं, मग पुन्हा नळ. नळ चालू ठेवून गाणं म्हटलं तर फेस टिकत नाही आणि पाणीही वाया जातं. उत्साही मुलं गाणं धावत म्हणतात. त्यांना ताईंनी टाळीचा ठेका द्यावा.

चमकी कुठे फसवते

चमकीचा बारीक कणही साधारण 0.2 मिलिमीटरचा असतो. जिवाणू बहुधा त्याच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. शिवाय चमकी वाढत नाही, जंतू वाढतात. आणि चमकी दिसते. त्यामुळे "चमकी नाही म्हणजे हात स्वच्छ" असा समज मुलांच्या मनात बसू शकतो. हात छान दिसत असतानाही जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर ते धुवायचेच, हे ताईंनी वेगळं सांगावं लागतं.

मिरपुडीचा प्रयोग मात्र या पाठात टाळलेला बरा. बशीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरून साबणाचं बोट बुडवलं की पूड कडेला पळते. मुलं टाळ्या वाजवतात आणि समजतात, की जंतू साबणाला भिऊन पळाले. प्रत्यक्षात पाण्याचा पृष्ठताण बदलल्यामुळे पूड सरकते. जंतू तसे पळत नाहीत. साबणाचं बोट दाखवून ते जाणार असते, तर चोळायची गरजच उरली नसती.

पाठ जमला का, हे पाहण्यासाठी जंतूंची व्याख्या विचारू नये. आठवड्याने पुन्हा तेल-चमकी लावून प्रत्येकाला नेहमीसारखे हात धुवायला सांगावं, नवा नकाशा काढून जुन्याशेजारी लावावा. अंगठ्यावरचे ठिपके कमी झाले असतील तर गाणं हातात उतरलं. ते तिथेच असतील तर ताईंनी मुलांच्या तोंडाकडे न पाहता त्यांच्या अंगठ्यांकडे पाहत गाणं पुन्हा घ्यावं. आणि खाऊच्या वेळी काही न बोलता नळाजवळ उभं राहून पाहावं, की कोण न सांगता साबणाकडे हात नेतं. तो आकडा वहीत लिहून ठेवला, की पुढच्या महिन्यात पाठ कुठून उचलायचा ते आपोआप ठरतं.