निवड झाली, वेतन ठरायचे आहे: आभाराचा ईमेल कसा लिहावा?

ऐरोलीतील एका कंपनीत निवड झालेल्या माझ्या भाचीने मुलाखतकारांसाठी लिहिलेल्या आभाराच्या ईमेलचा मसुदा दाखवला, तेव्हा त्यातील ‘लवकरच रुजू होत आहे’ हे वाक्य मी आग्रहाने काढावयास लावले. कारण वेतनाची वाटाघाट एचआरकडे चालू असता ते संमतीसारखे वाचले जाते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७ अन्वये स्वीकृती निरपेक्ष व बिनशर्त असावी लागते, त्यामुळे ते एक वाक्य कायद्याने स्वीकृती ठरेलच असे नाही, हे खरे. परंतु असे वाक्य गेले की वाटाघाटीतले बळ तिथेच ओसरते.

मग तिने लिहिले: ‘गोदामातील साठ्याच्या हिशेबाविषयी आपण विचारलेल्या प्रश्नामुळे कामाचे स्वरूप नीट उमगले, मनःपूर्वक आभार. प्रस्तावाच्या तपशिलाबाबत एचआरशी बोलणे चालू आहे.’

रकमेचा उल्लेख मात्र इथे नकोच. तो एचआरच्याच पत्रव्यवहारात असावा.

मसुदा अडला असल्यास खाली जरूर विचारा.