वाट बुजू नये म्हणून

‘हे मी आईलाही सांगितलेलं नाही,’ अशी त्या पत्राची सुरुवात होती. पत्र लिहिणारी वाचक 29 वर्षांची आहे. दीड वर्षात तिसऱ्यांदा तिच्या योनिमुखाच्या डाव्या बाजूला, जरा खालच्या अंगाला गाठ आली. पहिल्या दिवशी वाटाण्याएवढी होती, तिसऱ्या दिवशी लिंबाएवढी झाली. मांडी घालता येईना, स्कूटरवर बसणं तर दूरच. दोनदा दवाखान्यात चिरा देऊन पू काढला, एकदा गाठ आपोआप फुटली. ‘पू पूर्ण निघतो, जखम छान भरते, गोळ्याही मी नेमाने संपवते. मग ती परत का येते?’

उत्तर तिच्याच वाक्यात आहे. जखम छान भरते, म्हणूनच ती परत येते.

योनिमुखाच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणली तर साधारण 4 आणि 8 या आकड्यांच्या जागी. कोपनहेगनच्या कास्पर बार्थोलिनने 1677 मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता. त्याचे वडील आणि आजोबाही नावाजलेले शरीररचनातज्ज्ञ. ग्रंथी बुळबुळीत स्राव तयार करते आणि सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून तो बाहेर सोडते. संबंधाच्या वेळचा ओलावा इथूनच येतो, असा समज पुढे जवळजवळ तीनशे वर्षं टिकला. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी 1960च्या दशकात दाखवून दिलं, की तो ओलावा मुख्यतः योनीच्या भिंतींतून पाझरतो. पत्रात ‘कोरडेपणा येईल का’ अशीही काळजी होती, म्हणून हे मुद्दाम सांगतो. एका ग्रंथीच्या दुखण्याने तसं होत नाही.

बिघडते ती नळी. तिचं तोंड बुजतं, पण आत ग्रंथीचं काम चालूच राहतं. साचलेल्या स्रावाने नळी फुगते आणि गाठ तयार होते. अशी गाठ दुखत नसेल, बसता-चालताना टोचत नसेल, तर तिला काहीच करावं लागत नाही. कित्येक बायकांना ती आहे हे तपासणीतच कळतं. दुखणं सुरू होतं ते साचलेल्या स्रावात जंतू शिरले की. मग दोन-चार दिवसांत त्याचं गळू होतं. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यात आणि त्वचेवर राहणारे असतात, त्यांत ई. कोलाय अधिक. कधी गोनोरिया किंवा क्लॅमिडियाही सापडतो, म्हणून डॉक्टर नमुना तपासायला पाठवतात. पण गळू झालं म्हणजे नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून काहीतरी लागलं, असा अर्थ काढू नये. पत्रातली ‘आईलाही नाही’ ही ओळ याच भीतीतून आली असावी, असं मला वाटतं.

गळू पिकू द्यावं, कच्चं फोडू नये, हे आपल्या घरांतलं जुनं ज्ञान इथे बरोबर लागू पडतं. सुरुवातीला आत पू एका जागी जमलेला नसतो. तेव्हा चिरा दिला तर वेदना होतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून गाठ लहान असेल आणि ताप नसेल, तर पहिले दोन-तीन दिवस घरचा उपाय चालतो. रुंद टबात चार-पाच इंच कोमट पाणी घ्यायचं, हाताला सहज सोसेल इतकंच, आणि त्यात 10 ते 15 मिनिटं बसायचं. दिवसातून तीन-चार वेळा. पाण्यात काहीही घालायची गरज नाही. उष्णतेने तिथला रक्तपुरवठा वाढतो, गळू लवकर पिकतं आणि पुष्कळदा आपणच फुटतं. फुटताच ठणका एकदम ओसरतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल घेता येतं. पण कांद्याचं पोटीस, चुना, जंतुनाशकाचं पाणी यांतलं काहीही तिथे लावू नये. पाठीवरच्या गळवाला जे सोसतं ते या नाजूक अस्तराला सोसत नाही, ते भाजून निघतं. गाठ दाबू नये, सुईने टोचू नये.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, चालणं कठीण झालं, तर मात्र पू काढावाच लागतो. ताप असेल, लाली मांडीकडे पसरत असेल, किंवा बाई गरोदर अथवा मधुमेही असेल, तर तेवढेही दिवस थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे. नुसता चिरा दिला की पू निघतो आणि त्याच रात्री झोप लागते. पण चिऱ्याच्या दोन्ही कडा ओल्या असतात, एकमेकींना टेकलेल्या असतात, त्या काही दिवसांत चिकटतात. नळीचं मूळ तोंड बुजलेलंच आहे आणि नवं तोंडही बुजलं. आत स्राव पुन्हा साचू लागतो.

याचं उत्तर आपल्याकडचा सोनार पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. बाळाचा कान टोचल्यावर तो भोकात लगेच सोन्याची तार घालतो. तार काढली तर भोक बुजतं हे प्रत्येक आजीला ठाऊक असतं. तार राहिली तर कातडीच्या पेशी भोकाच्या कडेवरून आत सरकत जातात आणि साधारण सहा आठवड्यांत त्याला आतून अस्तर लावतात. अस्तर लागलेलं भोक ही जखम राहत नाही, म्हणून ते भरूनही येत नाही.

अमेरिकेतल्या अलाबामामधले स्त्रीरोगतज्ज्ञ बुफर्ड वर्ड यांनी 1964 मध्ये नेमकी हीच गोष्ट या ग्रंथीसाठी केली. जेमतेम इंचभर लांबीची रबरी नळी आणि तिच्या टोकाला इवलासा फुगा. जागा बधिर करून योनिमुखाच्या आतल्या बाजूला 5 मिलिमीटरचा चिरा द्यायचा, पू काढायचा, नळी आत सरकवायची आणि फुग्यात दोन-तीन मिलिलिटर सलाइन भरायचं. चिरा मोठा झाला तर फुगा निसटतो, म्हणून तो लहान ठेवण्यातच कौशल्य आहे. नळी चार ते सहा आठवडे तशीच राहते. बाई या काळात कामावर जाते, आंघोळ करते, संबंध मात्र टाळायचा. रबराची ॲलर्जी असेल तर ही नळी चालत नाही.

दुसरा मार्ग टाक्यांचा. फुगलेल्या नळीची भिंत उघडून तिच्या कडा बाहेरच्या कातडीला शिवायच्या, म्हणजे पिशवीचं तोंड उघडं राहतं. कांगारूच्या पोटावरच्या पिशवीवरून तिला मार्सुपियलायझेशन म्हणतात. दोन्हींत सरस कोणतं? 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 161 स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं. वर्षभरात गाठ परतली ती वर्ड यांच्या नळीनंतर 12 टक्के जणींना आणि टाक्यांनंतर 10 टक्के जणींना. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. नळीवाल्या गटात पहिल्या दिवशी वेदनाशामक कमी लागलं, उपचारही लवकर उरकला.

वर्ड यांची नळी आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. म्हणून पत्रलेखिकेला माझं सांगणं असं: पुढच्या वेळी डॉक्टरांना थेट विचारा, ‘नुसता चिरा देणार, की वाट उघडी ठेवणार?’ नळी नसेल तर टाक्यांचा मार्ग आहेच. प्रतिजैविकांचंही विचारा. पू नीट निघाला आणि लाली पसरलेली नसेल, तर बहुतेक निरोगी बायकांना त्यांची गरज पडत नाही. पूर्ण ग्रंथी काढणं हा शेवटचा उपाय, कारण तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं आणि रक्तस्राव बराच होतो.

पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, की 52 वर्षांच्या मावशीलाही तशीच गाठ आली आहे, तिलाही टबात बसायला सांगू का? नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदाच उठलेल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. या ग्रंथीचा कर्करोग अतिशय विरळा, पण तो याच वयात आणि याच जागी गाठ होऊन दिसतो. मावशीला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.