मोसंबीच्या रसाचा पेला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि दवाखाना बंद करण्याच्या बेतात मी होतो. एक तरुण हातात वहीचा फाडलेला कागद घेऊन आत आला. आमच्या इचलकरंजीतच सुताच्या पेढीवर तो काम करतो. "डॉक्टर, औषध नको, हे वाचून सांगा," असे म्हणून त्याने कागद माझ्यासमोर ठेवला. चार दिवसांनी त्याच्या जिवलग मित्राचे लग्न होते. कुटुंब मराठी ख्रिस्ती. त्यांच्याकडे वराच्या शेजारी उभा राहणारा मित्र असतो, त्याला सगळे बेस्ट मॅन असेच म्हणतात. स्वागत समारंभात त्याने दोन शब्द बोलायचे, पेला उंचावून नवदांपत्याचे शुभ चिंतायचे आणि सर्वांनी एक घोट घ्यायचा, अशी रीत. आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी मंगलाष्टकांनंतर अक्षता पडल्या की हे काम आटोपते, त्यामुळे या प्रथेची अडचण एकदम लक्षात येणार नाही. अडचण अशी होती, की वर माझा रुग्ण होता आणि त्याला दारू सोडून चौदा महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. लिहिण्याची परवानगी दोघांनीही दिली आहे.)

कागदावरचे भाषण प्रेमाने ओथंबलेले होते. त्याचा आशय असा: 'माझा मित्र एके काळी दारूत बुडाला होता, रस्त्यावर पडायचा, मी त्याला उचलून घरी आणायचो. वहिनी त्याच्या आयुष्यात आल्या आणि तो सुटला. आज तुम्हा सर्वांसमोर तो शपथ घेईल, की आयुष्यभर थेंबाला शिवणार नाही. म्हणून आज आपण दारूऐवजी रस पिऊया.' मी ते दोनदा वाचले. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, आणि तरीही एकही वाक्य बोलण्याजोगे नव्हते.

पहिली गोष्ट, आजार मित्राचा आहे. तो कोणाला आणि किती सांगायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या नावातच 'अनामिक' हा शब्द आहे, तो उगाच नाही. वधूला आणि तिच्या आईवडिलांना साखरपुड्याआधीच सारे सांगितलेले होते. ते आवश्यकच होते. पण सभागृहातले तीनशे पाहुणे म्हणजे वधूचे आईवडील नव्हेत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात, गल्लीत, चर्चच्या दारात प्रत्येक जण त्याच्या तोंडाचा वास घेऊ लागला असता.

दुसरी गोष्ट वधूविषयीची. 'वहिनींमुळे सुटला' हे ऐकायला गोड लागते. पण व्यसन हा मेंदूचा दीर्घ मुदतीचा आजार आहे, आणि त्यात घसरण होऊ शकते. उद्या तशी वेळ आली, तर याच न्यायाने 'वहिनींमुळे पुन्हा लागला' असे म्हणायला लोक मोकळे. उपचाराचे श्रेय बायकोला दिले, की जबाबदारीही तिच्याच पदरात पडते. माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात असा बोल ऐकून खचलेल्या स्त्रिया मी कमी पाहिलेल्या नाहीत.

शपथेचा मुद्दा मात्र त्याला पटेना. "डॉक्टर, सगळ्यांसमोर शब्द दिला की माणूस पाळतो ना?" मी म्हटले, पाळलाही जाईल. पण एखाद्या दिवशी मोडलाच, तर तो माणूस प्रथम कोणापासून लपेल? ज्यांच्यासमोर शब्द दिला, त्यांच्यापासूनच. घसरण झाली त्याच दिवशी कळली, तर बहुधा एका भेटीत सावरता येते. लाजेने महिनाभर लपवलेली घसरण रुग्णालयापर्यंत जाते. बरे होणाऱ्या माणसाला 'आजचा दिवस' एवढेच माप झेपते, आणि भर सभेत आपण त्याच्या डोक्यावर सारा जन्म ठेवायला निघालो होतो.

"मग टोस्टच नको का?" त्याने विचारले. मी म्हटले, हे मला नको विचारू, त्याला विचार. दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला. वराचे म्हणणे असे होते: "टोस्ट गाळला तर सगळे विचारतील, का गाळला? मला लपून बसायचे नाही. फक्त माझा पेला वेगळा नको." या एका वाक्याने सारे सोपे झाले. सर्वांच्या हाती एकच पेय असले, की कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही आणि 'म्हणून आज आपण रस पिऊया' हे वाक्य आपोआप गळून पडते.

आता पेय कोणते? केटररने सफरचंदाचा रस सुचवला होता, उंच पायाच्या काचेच्या पेल्यातून. दिसायला देखणा, पण त्या रंगाचा तो द्रव त्या आकाराच्या पेल्यात पाहिला की व्हिस्कीचीच आठवण होते. वर्षानुवर्षे प्यायलेल्या मेंदूला चव लागण्याआधी रंग, वास आणि काचेचा किणकिणाट ओळखीचे वाटतात, आणि ओढ तिथूनच जागी होते. याच कारणाने बिनदारूची म्हणून विकली जाणारी बिअर वा वाइनही नको. काहींत अर्धा टक्क्यापर्यंत मद्यार्क असतो, आणि नसला तरी वास तोच. कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या रसाचा विचार कोणाच्याही मनात प्रथम येईल. पण मे महिन्याच्या उकाड्यात सकाळी काढलेला उसाचा रस दुपारपर्यंत आंबू लागतो, म्हणजे त्यात थोडा का होईना मद्यार्क तयार होतो. शिवाय त्यात पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा? 2012 च्या उन्हाळ्यात या गावाने काविळीची मोठी साथ भोगली आहे. ज्याचे यकृत आधीच दारूने पोळले आहे, त्याला दूषित पाण्यातून होणारी कावीळ जिवावर बेतू शकते.

शेवटी ठरले मोसंबी. आयत्या वेळी सभागृहातच काढलेली, साखर न घातलेली, बर्फ न टाकलेली. फळेच रात्रभर थंड ठेवायची. पेला साधा, स्टीलचा, शंभर मिलिलिटरचा. तीनशे माणसांना तीस लिटर रस, म्हणजे साधारण 80 किलो फळ. पेला लहान असल्यामुळे मधुमेही पाहुण्यांचीही पंचाईत नव्हती.

एक गोष्ट मात्र माझ्याही ध्यानातून सुटली होती. वर डायसल्फिराम ही गोळी घेत होता, रोज 250 मिलिग्रॅम. ही गोळी शरीरात मद्यार्काचे विघटन अर्ध्यावर अडवते. त्यावर दारू पोटात गेली, तर दहा ते तीस मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, डोके फुटल्यासारखे दुखते, आणि रक्तदाब खूप उतरला तर जीवही धोक्यात येतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. (म्हणूनच ती रुग्णाला न सांगता जेवणात मिसळणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार आहे. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतल्या पुड्यांपासून कृपा करून दूर राहा.) लग्नाच्या दोन दिवस आधी मला एकदम केक आठवला. सुकामेवा घातलेला लग्नाचा केक अनेकदा रममध्ये भिजवलेल्या फळांचा करतात, आणि वधूवर तो एकमेकांना भरवतात! मी फोन केला. बेकरीवाल्याने फळे खरोखरच रममध्ये टाकून ठेवली होती. ती बाजूला ठेवून संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुकांचा केक झाला. त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षाचा साधा रसच असतो, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

भाषण आम्ही पुन्हा लिहिले; खरे तर त्याने लिहिले, मी फक्त खोडत गेलो. "तुम्हा दोघांत असे काय आहे, जे फक्त तुलाच ठाऊक आहे?" एवढेच मी विचारले. समारंभात तो बोलला ते असे:

"नमस्कार. मला भाषण येत नाही, सुताचे भाव तेवढे येतात. आम्ही दोघे चौथीपासून एका बाकावर. गेले वर्षभर हा रोज सकाळी सहाला माझ्या दारात येतो आणि आम्ही पंचगंगेपर्यंत चालत जातो. पाऊस असो, थंडी असो, हा एक दिवस चुकला नाही. मी चुकलो, चार वेळा. चारही वेळा याने मला अंथरुणातून ओढून काढले. वहिनी, उद्यापासून हा मान तुमचा. पण रविवार माझा राहू द्या. तुमच्या घरात सकाळ नेहमी लवकर उजाडो. मंडळी, पेला उचला. या दोघांच्या सुखासाठी!"

दीड मिनिटही लागले नसेल. लोक 'रविवार माझा' या वाक्याला खळखळून हसले. पहिल्या बाकावर वराची आई मात्र पदराने डोळे टिपत होती. सकाळी सहाला घराबाहेर पडणारा मुलगा रात्री कसा झोपला असेल, हे त्या सभागृहात तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? दारू हा शब्द उच्चारला गेला नाही, शपथ मागितली गेली नाही. वराला फक्त एक घोट रस घ्यायचा होता, तोही सर्वांबरोबर.

धोका टोस्टच्या वेळी नव्हताच, तो नंतर आला, आणि तोही अपेक्षेप्रमाणे. भूक, थकवा, चिडचिड आणि एकटेपणा या चार अवस्थांत ओढ बळावते, आणि लग्नाच्या दिवशी वर निदान पहिल्या दोन अवस्थांत असतोच. म्हणून बेस्ट मॅनकडे भाषणाखेरीज आणखी दोन कामे दिली होती. चार वाजता त्याने वराला मागच्या खोलीत नेऊन वरण-भात खाऊ घातला. दुसरे काम म्हणजे नजर. पेला कोठे ठेवून वर उठला, तर परत येऊन तो उचलायचा नाही, नवा घ्यायचा, हेही ठरले होते. साडेआठच्या सुमारास एका दूरच्या मामांनी वराच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला वाहनतळाकडे चालवले. "आज तरी एक घे, जावई झालास!" मी दुरूनच पाहत होतो. वर नाही म्हणत होता, पण हसत हसत, आणि ते हसू मला फारसे भरवशाचे वाटेना. तेवढ्यात बेस्ट मॅन धावत आला, "अरे, फोटोवाला केव्हाचा थांबलाय!" हा त्यांचा आधी ठरलेला परवलीचा निरोप होता. फोटोवाला त्या वेळी जेवत होता.

सोमवारी सकाळी नवदांपत्य दवाखान्यात आले. आठवडाभर महाबळेश्वरला निघाले होते, गोळ्या पुरेशा हव्या होत्या. यकृताची तपासणी महिन्याभरापूर्वीच झाली होती, ती समाधानकारक होती. मी चिठ्ठी लिहिली, आणि वाटेत खोकला झाला तरी दुकानातून परस्पर औषध घेऊ नका, काही खोकल्याच्या औषधांत आणि टॉनिकांत मद्यार्क असतो, असे बजावले. गोळी आजवर आई देत असे. आता ती कोणी द्यायची, हा प्रश्न मी विचारणार होतो, तोच त्याने स्वतःच पाकीट उचलून बायकोच्या हातात दिले.

"सकाळी द्यायची की रात्री?" तिने विचारले.

"सकाळी," तो म्हणाला, "फिरून आल्यावर."

बेस्ट मॅन बाहेर रिक्षात बसून हॉर्न वाजवीत होता. त्यांची गाडी सुटायला वीस मिनिटे उरली होती.