दिवाळीचा फरक आणि सभेचं इतिवृत्त

कोल्हापूर-सांगलीकडे गावच्या दूध संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सहकार कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. सभासदांचे कान असतात ते एका आकड्याकडे : यंदा फरक किती? फरक म्हणजे वर्षअखेरच्या नफ्यातून दुधाच्या प्रमाणात मिळणारा बोनस. लाभांश शेअर्सवर मिळतो, फरक घातलेल्या दुधावर.

हा आकडा ऐकून टाळ्या वाजवण्याआधी इतिवृत्तात वर्षभराचा दर पाहावा. समजा, एका संस्थेने गाईच्या दुधाला सरासरी ३२ रुपये दर दिला आणि लिटरला २ रुपये फरक जाहीर केला. शेजारच्या गावात दर साडेतेहतीस रुपये आणि फरक फक्त ५० पैसे. सभेत पहिलीचा जयजयकार होईल, पण दोन्हीकडे हाती आले ३४ रुपयेच. वर्षाला ३,००० लिटर दूध घालणाऱ्याचे ६,००० रुपये पहिल्या संस्थेकडे राहिले आणि दिवाळीला परत मिळाले. दुसरीकडे त्यातले साडेचार हजार दर दहा दिवसांच्या पगारातच आले होते. पेंडीची उधारी चढलेल्या घराला हा फरक चांगलाच जाणवतो.

ठरावाचे शब्दही नीट पाहावेत. 'बिलाच्या ३ टक्के' लिहिलं असेल, तर ३२ रुपयांच्या गाईच्या दुधाला लिटरमागे ९६ पैसे पडतात आणि ५० रुपयांच्या म्हशीच्या दुधाला दीड रुपया. 'लिटरला एक रुपया' असेल, तर दोघांना सारखेच. फरकातून ठेव किंवा इमारत निधी कापायचा असेल, तर किती कापणार आणि ठेव परत कधी मिळणार हेही ठरावातच हवं.

खरी वादावादी बहुधा 'आयत्या वेळच्या विषयां'त होते. फॅट अचानक कमी का लागते? तपासणीसाठी घेतलेल्या सँपलच्या दुधाचे पैसे कोणत्या खात्यावर जमा होतात? वजनकाटा किलोत मोजतो, मग बिलाचे लिटर कसे काढता? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, त्यामुळे काट्यावरचे १० किलो म्हणजे सुमारे ९.७ लिटर. संस्था खरेदी आणि विक्री वेगवेगळ्या मापाने करत असेल, तर हिशेबात वाढ किंवा घट दिसणारच.

इतक्या चर्चेनंतर इतिवृत्तात अनेकदा एकच ओळ उरते : 'सभासदांच्या शंकांचे निरसन करण्यात आले व विषय सर्वानुमते मंजूर.' कोणी काय विचारलं, सचिवांनी काय आकडा सांगितला, काहीच नाही. यावर उपाय नियमातच आहे. पुढच्या सभेचा पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हाच असतो. तेव्हाच उठून आपला प्रश्न आणि त्याचं उत्तर नोंदवून घ्यायला सांगावं. एकदा इतिवृत्त कायम झालं, की तोंडी मिळालेल्या उत्तराला कागदावर आधार राहत नाही.