पिन न विचारणारं पाकीट

‘आता पिनशिवाय पैसे द्या!’ यूपीआय लाइटची ओळख करून देताना पेमेंट अ‍ॅपमध्ये अशी एखादी ओळ झळकते. ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. लाइट म्हणजे खात्यातून काढून फोनमधल्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेली रक्कम. ती जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच देता येते. वडापावचे वीस रुपये देताना पिन लागत नाही. कप्प्यात पैसे भरताना मात्र लागतो. म्हणून त्या ओळीखाली आणखी एक हवी: ‘फोन आणि अ‍ॅप, दोन्हींना लॉक ठेवा.’ उघडा फोन दुसऱ्याच्या हाती पडला, तर कप्प्यातले पैसे गेलेच समजा.

ठग नेमका इथेच शिरतो. ‘काका, बँकेतून बोलतोय. लाइटवर ९०० रुपये कॅशबॅक आलाय, पिन टाकून घ्या.’ आता पडद्याकडे नीट बघा. पिनच्या चौकटीवर रक्कम आणि ती कुणाला जातेय त्याचं नाव असतं. म्हणजे पैसे निघालेत, येत नाहीयेत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ओटीपी मागितला, तर तुमचा नंबर दुसऱ्याच फोनवर नोंदवण्याची खटपट चालू असू शकते. ‘मी फक्त पडताळतोय’ म्हणणाऱ्यालाही तो सांगायचा नाही. बँकेचा माणूस तो विचारत नसतो.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.