टीव्हीवर शब्द, स्पीकरमध्ये आवाज

आमच्याकडे एकादशीला संध्याकाळी भजन असतं. माणसं आठ-नऊच, घरातली आणि शेजारच्या दोघी. गेल्या आषाढीला भाच्याने हौसेने नवी सोय केली. मोबाइलवर माईकचं ॲप घेतलं, मोबाइल ब्लूटूथने टीव्हीला जोडला, टीव्हीला साउंडबार होताच. आत्याने अभंग धरला. पेटी सुरात, टाळ लयीत. पण दुसऱ्या ओळीपासून लय पडायला लागली आणि चौथ्या ओळीला आत्या थांबली. "अरे, माझाच आवाज माझ्या मागून येतोय," ती म्हणाली. चाळीस वर्षं भजनाला बसलेल्या बाईची लय अशी सुटत नाही. दोष गळ्यात नव्हता, जोडणीत होता.

ब्लूटूथ आवाज सलग पाठवत नाही. त्याचे बारीक तुकडे करतं, ते दाबून लहान करतं, पलीकडे पाठवतं आणि तिथे ते पुन्हा उलगडले जातात. यात साधारण 100 ते 200 मिलीसेकंद जातात, कधी त्याहून जास्त. टीव्हीही चित्राशी मेळ बसावा म्हणून आवाज थोडा रोखून धरतो. 200 मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हवेतून आवाज तेवढ्या वेळात जवळजवळ 70 मीटर जातो. म्हणजे आत्या दिवाणखान्यात गात होती आणि तिचा आवाज जणू गल्लीच्या टोकाला ठेवलेल्या कर्ण्यातून परत येत होता. स्वतःचा आवाज असा उशिरा कानावर पडला की माणूस नकळत थांबून त्याची वाट बघतो, आणि लय खाली येते. बोलतानाही असंच अडखळायला होतं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की उशीर कुणाचा, याने सगळा फरक पडतो. साथीचं संगीत टीव्हीतून थोडं उशिरा आलं तरी काही बिघडत नाही. सगळे तेच ऐकून गातात, फार तर पडद्यावरचे शब्द किंचित आधी रंगतात. गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज मात्र उशिरा येऊन चालत नाही. म्हणून माईकचा आवाज टीव्हीत पाठवायचाच नाही. तसंही बहुतेक टीव्हींना माईक लावायची सोयच नसते. मागचं गोल भोक हेडफोनचं, म्हणजे आवाज बाहेर काढायचं असतं, आणि रिमोटमधला माईक फक्त शोध घेण्यापुरता.

घरासाठी सोपी वस्तू म्हणजे माईकची पिन लावता येणारा ट्रॉली स्पीकर. माईक वायरने थेट स्पीकरला लावायचा. टीव्हीचा आवाज त्याच स्पीकरला वेगळ्या वाटेने आणायचा: हेडफोनच्या भोकातून ऑक्सची वायर, किंवा टीव्हीत सोय असेल तर ब्लूटूथनेही चालेल, कारण तिकडून फक्त साथ येणार आहे. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मात्र बंद करावेत, नाहीतर एकच तबला दोनदा वाजतो. काही टीव्हींना हेडफोनचं भोक नसतं, फक्त ऑप्टिकल असतं. मग मध्ये छोटा कन्व्हर्टर लागतो आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये PCM निवडावं लागतं. ते राहिलं तर कन्व्हर्टरमधून आवाजच येत नाही किंवा नुसती खरखर येते, आणि लोक चांगली वस्तू बिघडलेली समजून दुकानात परत नेतात.

हातात धरायचा, पोटातच स्पीकर असलेला ब्लूटूथ माईक अनेक घरांत असतो. नाव ब्लूटूथचं असलं तरी त्यात गाणाऱ्याचा आवाज जवळच्या स्पीकरला आतल्या आत जातो, ब्लूटूथने फक्त गाणं येतं. एकट्याने गायला तो पुरतो. आठ माणसांच्या भजनाला त्याचा स्पीकर तोकडा पडतो.

जोडणी बरोबर आहे का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. प्रतिध्वनीचं, म्हणजे एकोचं बटण शून्यावर आणा आणि माईकवर जिभेने 'टक्' करा. तोंडातला आणि स्पीकरमधला टक् एकच ऐकू आला तर ठीक. दोन वेगळे ऐकू आले, तर त्या वाटेत कुठेतरी उशीर शिरला आहे.

आता साथीचं. सिनेमाच्या गाण्याला किंवा भावगीताला कराओके ट्रॅक चालतो, अभंगाला तो मला मुळीच पटत नाही. ट्रॅकला घड्याळ असतं. भजनात एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, रंगली तर चार वेळा घ्यायची, ध्रुपदावर यायचं, टाळ चढवायचा. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. शिवाय पट्टीचा प्रश्न येतो. मिळालेला ट्रॅक पुरुषाच्या आवाजातला, काळी एकचा. आत्या गाते पांढरी पाचमध्ये. मधलं अंतर सहा स्वरांचं. ट्रॅक तेवढा वर चढवला की पेटी आणि तबला दोन्ही खेळण्यातले वाटतात. त्यापेक्षा मोबाइलवर तंबोरा लावावा, पट्टी आत्याला विचारून ठरवावी, आणि तबलजी नसेल तर तबल्याच्या ॲपमध्ये आठ मात्रांचा भजनी ठेका धरावा. मोबाइल वायरनेच स्पीकरला जोडायचा. लय थोडी संथच ठेवावी. माणसं ॲपशी लवकर जुळवून घेतात, ॲप माणसांशी जुळवून घेत नाही.

मग टीव्हीचं काम काय? शब्द दाखवणं. आमच्या घरात टीव्हीचा खरा उपयोग इथे झाला. पूर्वी एका पुस्तकावर तिघी वाकायच्या आणि चष्मा विसरलेली चौथी नुसती टाळ वाजवायची. मी हरिपाठ आणि नेहमीचे अभंग संगणकावर टाइप केले आणि प्रत्येक पान 1920 × 1080 मापाचं JPG चित्र करून पेन ड्राइव्हवर घेतलं. चित्रच, कारण टीव्ही पीडीएफ बहुधा उघडत नाही आणि मराठी अक्षरं मोडतो; चित्रात तो धोका नाही. पानांची नावं 01, 02 अशी दिली की क्रम चुकत नाही. एका पानावर चारच ओळी, काळ्यावर पांढऱ्या. आपल्या लिपीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. दहा फुटांवरून आजीलाही दिसावं म्हणून अक्षर इंचभर उंच ठेवलं. ध्रुपद प्रत्येक पानाच्या तळाला पुन्हा लिहिलं, म्हणजे मागे जावं लागत नाही. स्लाइड शो बंद ठेवायचा. पान उलटायला एकजण रिमोट घेऊन बसतो. हे काम गाणाऱ्यानेच करावं, कारण ओळ पुन्हा घ्यायची आहे का, हे त्यालाच कळतं.

राहिली शिट्टी. माईकने स्पीकरचा आवाज उचलला, स्पीकरने तो वाढवून पुन्हा दिला, माईकने पुन्हा उचलला, की ती वाजते. गाण्याचे साधे माईक समोरून चांगलं आणि मागून फार कमी ऐकतात. म्हणून स्पीकर टीव्हीच्या शेजारी ठेवला तरी चालतो: गाणारे टीव्हीकडे तोंड करून बसतात, माईकचं तोंड त्यांच्याकडे आणि शेपूट स्पीकरकडे राहतं. माईक ओठांपासून चार बोटांवर धरला की स्पीकर कमी ठेवून भागतं. जाळी मात्र मुठीत धरायची नाही. मागून कमी ऐकण्याचा त्याचा गुण त्या जाळीखालच्या फटींमुळेच असतो, मुठीने त्या बुजल्या की तो चहूकडून ऐकायला लागतो. टाळ वाजवणाऱ्याने माईकपासून हातभर लांब बसावं.

आमच्याकडे शिट्टी वाजायची ती नेमकी अभंग संपल्यावर. कुणी गाताना नव्हे, तर आत्या माईक मांडीवर आडवा ठेवून चहाचा कप घ्यायची तेव्हा, कारण माईकचं तोंड सरळ स्पीकरकडे व्हायचं. आता ती आधी माईकचं बटण बंद करते, मग कप घेते.